पोस्टर फॉरवर्ड झालं, नोंदणीची ओळ मागेच राहिली

दादरला आमच्या ग्रंथालयाच्या सभागृहात मोडी लिपीची ओळख करून देणारी मोफत कार्यशाळा होती. रविवार, सकाळी ११. खुर्च्या ८०. मोफत म्हटलं की सगळे येत नाहीत, म्हणून ९६ जणांची नोंदणी घेतली. दाराशी मी होते.

पावणेअकराला जिन्यापर्यंत रांग! त्यात ३१ जण नोंदणी न केलेले. एका काकांनी मोबाइल पुढे केला, "हे बघा, यात कुठे लिहिलंय नोंदणी हवी म्हणून?" खरंच नव्हतं. नोंदणीची ओळ आम्ही पोस्टरखालच्या मजकुरात टाकली होती आणि लोकांनी नुसतं चित्र पुढे पाठवलं होतं. चूक आमची होती. मी तसं सांगितलं, मग आवाज खाली आले.

त्यांची वेगळी रांग केली आणि वहीच्या कागदाचे तुकडे करून आलेल्या क्रमाने नंबर दिले. वीसच्या पुढच्या प्रत्येकाला तिथेच सांगितलं, "शक्यता कमी आहे, थांबायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

यादीत ५२ जणांवर खूण होती, म्हणजे २८ जागा शिल्लक. पण आत जाऊन डोकी मोजली तर ५५! तिघांनी बरोबर कुणाला तरी आणलं होतं. नुसत्या यादीवर विसंबले असते तर तिघांना आत नेऊन परत बाहेर काढावं लागलं असतं.

आता २५ खुर्च्या. त्या लगेच देऊन टाका, असं सहकारी म्हणत होता. मला ते पटेना. मेगाब्लॉक होता, डोंबिवली-कल्याणची माणसं गाडीत अडकली असणार. न आलेल्या सगळ्यांना मेसेज केला: "येत असाल तर 'हो' कळवा. ११.२०पर्यंत खुर्ची राखून ठेवतो." १७ 'हो' आले. म्हणून अकराला फक्त आठ नंबर आत सोडले.

११.२०पर्यंत त्या सतरांपैकी १४ आले, आणि उत्तर न दिलेल्या नोंदणीवाल्यांपैकीही दोघं. उरली एक खुर्ची, ती नवव्या नंबरला. "आम्ही भिंतीला टेकून उभं राहतो ना ताई," असा आग्रह झाला. पण सभागृहाला दार एकच आणि मधली वाट अरुंद. तिथे कुणालाही उभं केलं नाही.

बाकीच्या २२ जणांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नव्हता. सभागृह चारपर्यंत आमच्याकडे होतं. शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या अडीचला आणखी एक तास घ्यायला तयार झाल्या. बाहेर येऊन ते सांगितलं, नावं लिहून घेतली. अडीचला त्यातले १३ जण परत आले. मोबाइलवाले काका पहिल्या रांगेत होते, घरून बोरू घेऊन आलेले.

पुढच्या पोस्टरवर 'नोंदणी आवश्यक' हे शब्द तारखेला लागूनच छापले, म्हणजे चित्र कापलं तरी ते कापले जाणार नाहीत.