60 किलो, पाच वेळा

"सर, बेंचवर मी 60 किलो पाच वेळा मारतो. माझा मॅक्स किती धरायचा? एकदम जड लावून बघायची भीती वाटते, आणि सकाळी जिममध्ये मागे उभं राहायला कुणी नसतं."

मॅक्स म्हणजे एकदाच, जेमतेम उचलता येईल ते वजन. तुमचा 67.5 ते 70 किलो. सध्या 67.5 धरा. आता हा आकडा आला कुठून आणि तो कधी खोटा ठरतो, तेही वाचा. आकडा मिळाला की बरेच जण तिथेच थांबतात आणि रविवारी 70 लावून मोकळे होतात.

यासाठी दोन सूत्रं चालतात. एक बॉइड एप्ली यांचं, 1985 सालचं. हे तेव्हा अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातले कोच, तिथल्या खेळाडूंकडून वजनं मारून घेणारे. त्यांचा हिशेब तोंडी होतो: रेप्सना, म्हणजे वजन सलग जितक्या वेळा उचललं त्या आकड्याला, 30 ने भागा, त्यात 1 मिळवा आणि त्याने वजनाला गुणा. तुमच्या बाबतीत पाच भागिले तीस म्हणजे एक षष्ठांश. 60 चा एक षष्ठांश 10, म्हणून 70. दुसरं मॅट ब्रिझिकी यांचं, 1993 सालचं. त्यात वजनाला 36 ने गुणायचं आणि 37 मधून रेप्स वजा करून उरेल त्याने भागायचं. 60 गुणिले 36 म्हणजे 2160, त्याला 32 ने भागलं की 67.5.

गंमत अशी की बरोबर दहा रेप्सना दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात. दहाच्या खाली ब्रिझिकींचं उत्तर कमी येतं, दहाच्या वर जास्त. मी दोन्ही काढतो आणि लहान आकडा वहीत लिहितो. अंदाज दोन किलोंनी कमी निघाला तर दोन आठवडे व्यायाम थोडा हलका होईल, एवढंच. जास्त निघाला तर काय होतं, ते मी स्वतःच्या छातीवर अनुभवलंय.

तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. सकाळी सहाची वेळ, जिममध्ये मी आणि लादी पुसणारे काका. आदल्या आठवड्यात 75 किलोंचे पाच रेप्स निघाले होते, त्या जोरावर 90 लावले. रॉड छातीपर्यंत आला आणि तिथेच बसला. प्लेट्सना क्लिपा लावल्या नव्हत्या, हे माझं नशीब. रॉड डावीकडे कलता केला, प्लेट्स धडाधड खाली घसरल्या, दुसरी बाजू झटक्यात उलटली आणि त्या हिसक्यात उजवा खांदा गेला. चार महिने शर्ट घालतानाही दुखायचं. पुढे कधीतरी हीच सूत्रं हाती लागली तेव्हा त्या दिवसाचा हिशेब मांडला. 75 चे पाच म्हणजे एप्लींच्या मते 87.5 आणि ब्रिझिकींच्या मते 84.4. एकाच्याही मते 90 जाणार नव्हते. मला ते कागदावर दोन मिनिटांत कळलं असतं.

तर तुमच्या 60 कडे येऊ. मला पहिल्यांदा विचारायचंय ते हे, की पाचही रेप्स तुमचेच होते ना? पार्टनरने "तुझंच आहे, तुझंच आहे" म्हणत रॉडला बोटं लावली असतील, तर तो रेप मोजायचा नाही. रॉड छातीला लागून उसळला किंवा अर्ध्यातूनच वर गेला, तोही नाही. एप्लींच्या सूत्रात एका रेपची किंमत वजनाचा तिसावा भाग असते, म्हणजे तुमच्यासाठी 2 किलो. दोन रेप्स फुकटचे मोजलेत की मॅक्स 4 किलोंनी फुगला.

दुसरं विचारायचंय ते पाचव्या रेपबद्दल. तो कसा गेला? ही दोन्ही सूत्रं असं गृहीत धरतात की पुढचा रेप निघालाच नसता. पण मागे कुणी नसताना तिथवर जायची गरज नाही. रॉड वर जाताना मध्येच स्पष्टपणे रेंगाळला, की तो रेप पुरा करून ठेवून द्यायचा. मग स्वतःला विचारायचं, अजून किती निघाले असते? उत्तर "एक" असेल तर पाचात एक मिळवून सहा धरायचे. त्याने एप्लींचं उत्तर 72 होतं आणि ब्रिझिकींचं 69.7. "एक, फार तर दोन" वाटत असेल तर एकच धरा. "तीन-चार तरी" वाटत असेल तर तो सेट अंदाजासाठी हलका होता. दूर उरलेले रेप्स कुणालाच नीट ओळखता येत नाहीत. नवखी मंडळी तर बहुधा कमीच सांगतात, शरीरात असतात त्याहून कमी. शेवटच्या एक-दोन रेप्सच्या अंतरावर आल्यावरच हा अंदाज बऱ्यापैकी जमतो.

हा सेट करायचा दिवस वेगळा ठेवा, छातीचा पहिला व्यायाम म्हणून. नुसता रॉड दहा वेळा, मग 40 चे पाच, मग 50 चे तीन. तीन मिनिटं बसा. नंतर 60. आधीच 55 चे आठ मारून दमलात तर 60 चे तीनच निघतील आणि तुम्हाला वाटेल ताकद उतरली. श्वास प्रत्येक रेपला वरच्या टोकाला घ्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो, आणि तो हलक्या वजनाच्या शेवटच्या रेप्सनाही चढतो. ज्यांना बीपी किंवा हर्नियाचा त्रास आहे त्यांनी हा सेटसुद्धा डॉक्टरांना विचारूनच करावा. बेंचच्या दोन्ही बाजूंना आडवे आधार असतील तर ते छातीच्या जरा खाली लावून घ्या, आणि नसतील तर रेंगाळलेल्या रेपच्या पुढे एकही नको.

वजन असं निवडायचं की तीन ते सहा रेप्स निघावेत. एक-दोनच निघाले तर आपण टाळत होतो ते जड वजन झालंच. तिथे एप्लींचं सूत्र थोडं येडपटही होतं: 60 एकदा उचललंत तर ते म्हणतं तुमचा मॅक्स 62. फार रेप्सचा सेट मात्र खरा फसवतो. आमच्याकडे एक लांब पल्ल्याचा सायकलवाला यायचा. त्याने 40 किलोंचे सलग वीस मारले आणि मोबाइल घेऊन माझ्याकडे आला, "सर, माझा मॅक्स 84.7 आलाय!" मी म्हटलं, दुसऱ्या सूत्राने काढ. आले 66.7. एकाच माणसाचा एकच सेट आणि उत्तरांत अठरा किलोंचं अंतर. चार दिवसांनी त्याला 50 चे पाच मारायला लावले, शेवटचा अगदी रेंगाळत. आता उत्तरं आली 56.25 आणि 58.3. वीसाव्या रेपला छातीची ताकद मोजली जातच नव्हती. त्याचा दम आणि जळजळ सोसायची सवय मोजली जात होती, आणि ती सायकलमुळे भरपूर होती. दोन सूत्रांत फार अंतर पडलं की सेट लांबला असं समजायचं. जास्त वजन लावून कमी रेप्सचा सेट दुसऱ्या दिवशी करायचा.

आता रॉड. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. "60" म्हणताना बहुतेकांनी रॉड 20 किलोंचा धरलेला असतो. ऑलिम्पिक रॉड असतो 20 चा, पण लहान जिममध्ये बेंचवर पडलेला रॉड 15 चा, कधी त्याहूनही हलका निघतो. घरचा वजनकाटा घेऊन जा, आधी स्वतःचं वजन करा, मग रॉड हातात धरून करा आणि वजाबाकी करा. समजा तुमचा रॉड 15 चा निघाला. मग तुम्ही मारलेलं वजन 55, आणि मॅक्स एप्लींच्या हिशेबाने 70 ऐवजी 64. त्याच जिममध्ये, त्याच रॉडवर व्यायाम करत राहिलात तर मात्र फारसं बिघडत नाही. 70 चे ऐंशी टक्के म्हणून तुम्ही 56 लावाल, खरे लागतील 51, आणि 64 चे ऐंशी टक्केही 51 च्या आसपासच येतात. चूक दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे ती झाकली जाते. ती बाहेर पडते गावाला गेल्यावर किंवा जिम बदलल्यावर. तिथल्या 20 च्या रॉडवर तेच 56 लावलेत की ते तुमच्या खऱ्या मॅक्सच्या 87 टक्के होतात, आणि आठ रेप्स काढायला बसलेले तुम्ही चौथ्यालाच थरथरता.

हा सगळा हिशेब बेंचला चांगला लागू पडतो. डेडलिफ्टमध्ये सूत्रं बहुतेकदा कमी सांगतात, तेव्हा तिथला आकडा कमी आला म्हणून नाराज होऊ नका. आणि स्क्वॉटमध्ये पाय शिल्लक असताना पाठ आधी वाकते. पाठ गोल व्हायला लागली की पायात कितीही जोर असो, सेट तिथे संपला आणि रेप्स तिथपर्यंतचेच मोजायचे. बायसेप्सचा मॅक्स मात्र मला विचारू नका.

एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग एकदा 67.5 लावून खरं आहे का बघू?" नका बघू. एकच जड रेप मारणं ही वेगळी सवय आहे. रॉड स्टँडवरून काढताना हात किती भरून येतात, तो किती सावकाश खाली आणायचा, अडकल्यासारखा वाटला तरी जोर किती वेळ लावत राहायचा, हे सगळं 90 टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय कळत नाही. तुम्ही पाच-पाचच्या सेटमध्ये वाढलेले. सूत्र बरोबर असूनही तुमचे 67.5 अडकू शकतात, आणि सकाळी मागे कुणी नसतं असं तुम्हीच लिहिलंय.

पडताळायचंच असेल तर आठवड्याभराने 65 चे जमतील तेवढे मारा, त्याच नियमाने, रेंगाळला की ठेवून द्यायचा. तीन निघून पुढचा निघणार नाही असं वाटलं तर आकडे येतात 68.8 आणि 71.5. म्हणजे पहिला अंदाज जागेवर होता. एकच निघाला, तर पहिल्या दिवशीच्या पाचात काहीतरी तुमचं नव्हतं. वहीत तारीख, वजन, रेप्स, "किती उरले" आणि रॉडचं वजन, एवढं लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी पुन्हा तेच 60 लावा. या वेळी सात निघाले, तर वहीत 67.5 खोडून 72 लिहा.