शनिवारी रात्री साडेनऊला पत्ते

डिसेंबरात मी घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली : ‘या शनिवारी रात्री साडेनऊला पत्ते. सगळ्यांनी या.’ पाचही जणांनी अंगठे दाखवले आणि मी निश्चिंत झालो.

शनिवार आला. दुपारी चारला, आत्याच्या वामकुक्षीच्या ऐन भरात, सिडनीची ताई कॉल लावून बसली. तिच्याकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. पुण्यातले आम्ही तिघं, म्हणजे आत्या, काका आणि मी, आमच्या साडेनऊला जमलो. तिघांत काय खेळणार? पाच-तीन-दोनचे दोन डाव टाकून उठलो. लंडनचा धाकटा त्याच्या साडेनऊला आला, तेव्हा पुण्यात रविवारचे पहाटेचे तीन वाजले होते. एडिसनचा दादा शेवटचा. न्यू जर्सीत शनिवार अजून शिल्लक होता, पण इथे रविवारचे आठ वाजले होते आणि काका पोहे खात होते. म्हणजे सगळे आले, वेळेवर आले, आणि एकमेकांना भेटले नाहीत. रात्र कुठली, हा एक शब्द मी लिहिला नव्हता.

मग कागद घेऊन बसलो. भारताचं घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून खुंटी इथेच ठोकायची हे ठरलं. आपले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे डिसेंबरात लंडनचे दुपारचे बारा, एडिसनचे सकाळचे सात आणि सिडनीचे रात्रीचे अकरा. या वेळेचा मोठा गुण म्हणजे चारही गावांत शनिवारच असतो. तासभर उशिरा ठेवलं की सिडनीत मध्यरात्र होऊन रविवार लागतो, आणि ‘शनिवारी’ या शब्दाचा भरवसा जातो.

आत्याला साडेपाच पटलं नाही. “तिन्हीसांजेला पत्ते कुटायचे?” तासभर अलीकडे आणलं तर दादाला सहाला उठायला लागतं, पलीकडे नेलं तर ताई मध्यरात्री पत्ते हातात घेणार. शेवटी दिवेलागणीला दहा मिनिटं खेळ थांबवायचा यावर आत्या मानली. ती देवाजवळ दिवा लावते तेवढ्यात दादा चहा टाकतो आणि ताई डोळ्यांवर पाणी मारून येते.

वेळेचं भांडण मिटलं, पण खेळाचं उरलं होतं. काकांना मेंढीकोटच हवा होता. सहा जणांत तो होतो : चार दुर्र्या काढून टाकायच्या, प्रत्येकाला आठ पानं, तिघं-तिघं भिडू, चार दश्श्यांसाठी मारामारी. जानेवारीत एकदा खेळून पाहिला आणि दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे खुणा. समोरासमोर बसल्यावर भिडूकडे बघून भुवई उडवली तर निदान पकडता येते. इथे धाकटा आणि दादा बाजूला आपापसात मेसेज टाकत होते, आणि त्यांच्या दश्श्या इतक्या सुखरूप घरी पोचत होत्या की आम्हाला संशय यायला तीन डाव लागले. दुसरी गोष्ट म्हणजे नेट. ऐन हुकूम उघडायच्या वेळी धाकट्याचं चित्र थिजलं, आणि एक भिडू गेला की अख्खा डावच मोडतो.

म्हणून बदाम सात. यात भिडू नाही, हुकूम नाही, ज्याचं त्यानं खेळायचं. सहा जणांत बावन्न पानं वाटली की चौघांना नऊ येतात आणि दोघांना आठ. ती आठवाली पाळी फिरती ठेवली की कुरकुर राहत नाही. बदामाची सत्ती ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, मग सत्तीच्या एका अंगाला छक्की, पंजी करत एक्क्यापर्यंत, दुसऱ्या अंगाला अठ्ठीपासून राजापर्यंत. कुणाचं नेट गेलंच तर त्याचा पास धरायचा, बाकीच्यांचा डाव अडत नाही.

आमच्या घरात मात्र या खेळाला एक गुप्त इतिहास आहे. आत्या इस्पिकची सत्ती दाबून ठेवायची. हातात सत्ती, चेहऱ्यावर वैराग्य, आणि तोंडात “पास”. ती सत्ती बाहेर येईपर्यंत इस्पिकचं एकही पान कुणाला लावता येत नाही. डाव संपला की आमच्या हातात इस्पिकचे राजा-राणी तसेच, आणि राजाचे तेरा, राणीचे बारा असे गुण डोक्यावर. आम्ही ज्या साइटवर खोली उघडून खेळतो तिथे लावण्यासारखं पान असेल तर पासचं बटण दाबलंच जात नाही. पहिल्या डावाला आत्या ते बटण दाबत राहिली आणि शेवटी म्हणाली, “हे बिघडलंय.”

बिघडलं नव्हतं, पण ती लवकर सावरली. सत्ती दाबायची तर हातात लावण्यासारखं दुसरं पान हवं, एवढं तिनं हेरलं. आता ती बदामाची आणि किलवरची पानं काटकसरीनं, एकेक करून सोडते, आणि सत्ती अगदी निरुपाय झाल्यावर टाकते. म्हणजे लबाडी गेली आणि तिच्या जागी खेळ आला. हे तिला सांगायची माझी छाती नाही.

एका डावाला आम्हाला दहा-बारा मिनिटं लागतात, त्यातली चार काकांचा चष्मा शोधण्यात. पानं फोनवर आणि माणसं टीव्हीवर, अशी आत्याची सोय करून दिली आहे. दोन्ही एकाच फोनवर ठेवलं की ती पानं बघताना आम्ही गायब होतो. दिवेलागण धरून दीड तासात सहा डाव होतात. सहाव्यानंतर, कितीही रंगला तरी, बंद. ताईकडे तेव्हा साडेबारा झालेले असतात.

सगळं सुरळीत चाललं असं वाटलं तेव्हा मार्च आला. मी फेब्रुवारीचा मेसेज उचलून, तारीख तेवढी बदलून, चिकटवला. पण यंदा ८ मार्चला अमेरिकेनं घड्याळ तासभर पुढे केलं होतं. १४ मार्चला मेसेजबरहुकूम दादा सातला उठून बसला, आणि आपल्याकडे साडेचारच वाजले होते. तासभर तो रिकाम्या खोलीत एकटा होता. शनिवार सकाळची एक तास झोप मी त्याचं देणं लागतो, असं तो अजून म्हणतो.

पुढे २९ मार्चला लंडननं काटा पुढे ढकलला आणि ५ एप्रिलला सिडनीनं मागे ओढला. तिकडे उन्हाळा संपत होता, इकडे लागत होता. म्हणजे दोन टोकं उलट्या दिशांनी सरकतात, आणि दोघांनाही सोयीची वेळ एकाच हंगामात येते : एप्रिल ते सप्टेंबर दादाला आठ आणि ताईला दहा. हिवाळ्यात दोघांचेही हाल एकदमच. त्यावर तोडगा नाही. मी कागदाच्या दोन्ही बाजू भरून पाहिल्या आहेत.

तेव्हापासून जुना मेसेज चिकटवायचा नाही, चारही वेळा दरवेळी नव्यानं मांडायच्या. एप्रिलचा असा गेला :

‘शनिवार, ११ एप्रिल. बदाम सात, सहा डाव.
पुणे संध्याकाळी ५.३०
लंडन दुपारी १.००
एडिसन सकाळी ८.००
सिडनी रात्री १०.००
चारही ठिकाणी शनिवारच. दिवेलागणीला दहा मिनिटं सुट्टी. आपल्या गावाची वेळ स्वतः टाइप करून पाठवा, अंगठा चालणार नाही.’

धाकट्यानं ‘एक’ लिहिलं, ताईनं ‘रात्री दहा’. दादानं ‘आठ. आठच ना? नक्की?’ असं तीन वेळा विचारलं. काकांनी अंगठाच पाठवला.

आत्यानं लिहिलं : ‘साडेपाच. पासचं बटण दुरुस्त झालं का?’