साडेनऊचे नऊ करणारी नोटीस

महापे एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत अ‍ॅडमिनचं काम माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी ऑफिसची वेळ 9:30 ते 6:00 ऐवजी 9:00 ते 5:30 करायचं ठरलं. कारण सरळ होतं. ट्रान्सपोर्टवाल्याची शेवटची गाडी संध्याकाळी साडेपाचला निघू लागली होती, आणि नऊला बिलं निघाली तरच माल त्या गाडीत चढणार होता.

साहेबांनी मजकूर स्वतःच लिहून दिला: ‘व्यवस्थापनाच्या असे निदर्शनास आले आहे की काही कर्मचारी वारंवार उशिरा येतात. सबब कार्यालयीन वेळ सकाळी अर्धा तास लवकर करण्यात येत आहे. पालन न करणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल.’

यात बदलाचं खरं कारणच नव्हतं. दोघा-तिघांच्या उशिरा येण्याचा राग मात्र चाळीस जणांवर निघाला होता. अशी नोटीस बोर्डावर लागली की वेळ कोणी वाचत नाही. ‘हे कोणामुळे झालं’ याचीच चर्चा चहाच्या टपरीपर्यंत जाते. शिवाय ‘अर्धा तास लवकर’ म्हटल्यावर संध्याकाळी कधी सुटायचं? तेही मोघमच. मी साहेबांना एवढंच म्हटलं, “साहेब, उशिरा येणाऱ्यांना वेगळं बोलावून सांगा ना. या कागदावर फक्त वेळ राहू दे.” थोडी कुरकुर झाली, पण मानलं त्यांनी.

मग तारीख. आमची हजेरी 21 ते 20 अशी धरतात. मधेच वेळ बदलली तर एकाच पगारात दोन हिशोब, आणि अकाउंट्सचे काका माझ्या टेबलाशी उभे. म्हणून सोमवार, 22 सप्टेंबर 2025 ठरली. गोडाउनच्या कामगारांच्या बाबतीत कायद्याचाही प्रश्न होता. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-अ प्रमाणे कामगारांच्या कामाच्या वेळा बदलायच्या तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागे. त्यांची नोटीस आमच्या सल्लागाराने विहित नमुन्यात वेगळी काढली. ऑफिसची मी 21 ऑगस्टलाच लावली. 27 ला गणपती बसणार होते आणि अर्धं ऑफिस त्याआधीच कोकणच्या गाडीत असणार होतं. त्या आठवड्यात लावलेली नोटीस कोण वाचणार?

मजकूर शेवटी असा झाला:

‘सोमवार, 22 सप्टेंबर 2025 पासून ऑफिसची वेळ सकाळी 9:00 ते संध्याकाळी 5:30 राहील. (सध्या 9:30 ते 6:00.) शेवटची मालगाडी आता 5:30 ला निघते, म्हणून हा बदल केला आहे. कामाचे एकूण तास, जेवणाची सुट्टी, शनिवारच्या वेळा आणि पगार यांत काहीही बदल नाही. लेट मार्क 9:10 नंतर लागेल. कंपनीची बस ठाणे स्टेशनहून 8:45 ऐवजी 8:15 ला आणि संध्याकाळी ऑफिसमधून 5:40 ला सुटेल. नव्या वेळेची अडचण असल्यास 12 सप्टेंबरपर्यंत अ‍ॅडमिनला भेटावे.’

‘बदल नाही’ हे वाक्य साहेबांना फालतू वाटलं होतं. पण वेळ बदलली म्हटलं की माणसाच्या मनात पहिली शंका पगाराची आणि दुसरी शनिवारची येते. लेट मार्कचंही तसंच. जुनी सवलत 9:40 पर्यंत होती. नवी लिहिली नसती तर काहींनी ती तशीच चालू आहे असं धरलं असतं, आणि भांडण थेट पगाराच्या दिवशी उभं राहिलं असतं. बसची वेळ तर हवीच. बदलापूरहून येणाऱ्याला ठाण्याला 8:15 ची बस गाठायची म्हणजे घरून कोणती लोकल पकडायची, हे त्याला त्या ओळीवरूनच कळतं.

‘कारवाई’, ‘सक्त ताकीद’, ‘सर्वांनी गांभीर्याने नोंद घ्यावी’ असलं काही ठेवलं नाही. लेट मार्क 9:10 नंतर लागेल, एवढ्यात सगळी ताकीद आली. ‘आपणास कळविण्यास आनंद होतो’ हेही नको म्हटलं. अर्धा तास आधी उठायला लावून आनंद कसला?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी बोर्डावरच्या कागदाचा फोटो न टाकता तोच मजकूर टाइप करून टाकला. फोटो जुन्या मोबाईलवर वाचता येत नाही, मग कोणीतरी त्याचा सारांश आपल्या शब्दांत फिरवतो.

अडचण घेऊन तिघंजण आले. दोघांचं बसच्या थांब्याबद्दल होतं, ते ड्रायव्हरशी बोलून लगेच सुटलं. बिलिंगच्या एका ताईंच्या मुलीची शाळेची व्हॅन 8:20 ला येते. ती गेल्याशिवाय त्यांना घराबाहेर पडता येत नाही. त्यांना मार्चअखेरपर्यंत जुनीच वेळ दिली, लेखी दिली, आणि बायोमेट्रिक मशिनमध्ये त्यांची वेगळी शिफ्टही टाकून घेतली. सकाळची पहिली बिलं तोवर दुसरा मुलगा काढतो.