आमची वाटचाल : टायपिंगच्या टेबलापासून नोटिशीच्या भाषांतरापर्यंत

कोल्हापुरात वकिलांचे मराठी टायपिंग करून देण्यापासून आमचा धंदा सुरू झाला. दावे, कैफियती, अॅफिडेव्हिट. वकीलसाहेब सांगत आणि आम्ही श्रीलिपीत बडवत असू. भाषांतराचे काम त्यातूनच अंगावर आले. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या इंग्रजी नोटिसा इकडच्या डीलरांना येत, ते लोक ती नोटीस घेऊन टायपिंगच्या दुकानात येत आणि विचारत, "ताई, यात नक्की काय म्हटलंय?" पुढे त्या कंपन्याच मराठी प्रत मागू लागल्या, म्हणजे डीलरला "मला इंग्रजी कळलं नाही" असे म्हणायला जागा उरू नये. आज आम्ही पाच जणी आहोत आणि निम्म्याहून जास्त काम नोटिसांचे असते.

नोटीस हे भाषांतराच्या दृष्टीने विचित्र लेखन आहे. वाचणारा ती चिडून वाचतो, पाठवणारा चिडून लिहवून घेतो आणि मधल्या वकिलाला दोघांच्याही रागाशी कर्तव्य नसते. त्याला पुढे कोर्टात उभे राहायचे असते. आमच्याकडे येणारा कंपनीचा माणूस सहसा दोनपैकी एक वाक्य बोलतो. वसुलीवाला म्हणतो, "मराठीत जरा कडक करा, ही माणसं इंग्रजीला भीत नाहीत." विक्रीवाला म्हणतो, "जरा मवाळ ठेवा, उद्या याच डीलरला माल द्यायचाय." दोघांनाही आमचे उत्तर एकच असते : कडक-मवाळ काय करायचे ते वकिलांना सांगा, त्यांनी इंग्रजी बदलले की आम्ही मराठी बदलू.

एका कामावरून हे नीट सांगता येईल. नावगाव सोडते आणि आकडे बदलून सांगते. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा गडहिंग्लज भागातला डीलर. खात्यावर येणे रु. 6,12,400. त्यापैकी रु. 4,85,000 चा चेक त्याने दिला आणि तो 'अपुरी शिल्लक' या शेऱ्यासह परत आला. कंपनीच्या वकिलांनी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याबद्दलची, इंग्रजी नोटीस तयार केली. तिच्यात दोन्ही रकमा होत्या, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत. मागणी फक्त चेकच्या रकमेची, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत. उरलेली बाकी आणि द.सा.द.शे. 18 टक्के व्याज यांच्या वसुलीचा हक्क शेवटी वेगळा राखून ठेवलेला.

कंपनीने आधीच कोणाकडून तरी दोन मराठी मसुदे करून घेतले होते आणि "यातला बरा तो निवडून सुधारून द्या" म्हणून आमच्याकडे पाठवले. पहिल्यात होते : "तरी कृपया आमची थकबाकी व्याजासह लवकरात लवकर, शक्यतो पंधरा दिवसांत भरून सहकार्य करावे, ही विनंती." दुसऱ्यात : "पंधरा दिवसांत संपूर्ण रक्कम व्याजासह न भरल्यास तुमच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल करून अटक करविण्यात येईल, याची सक्त ताकीद देण्यात येत आहे."

कोणालाही वाटेल की पहिला मसुदा 'कृपया' आणि 'विनंती' या शब्दांमुळे पडला. तसे नाही. सेंट्रल बँक विरुद्ध सॅक्सन्स फार्म्स या 1999 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढची नोटीस चांगली सौम्य होती, पैशांची व्यवस्था करा आणि अप्रिय कारवाई टाळा, अशा थाटाची. तरीही तिच्यात मागणी आहे, असे न्यायालयाने धरले. नम्र शब्दाने नोटीस मरत नाही. ती मरते रकमेत. या मसुद्यात चेकची रक्कमच नाही, 'थकबाकी व्याजासह' आहे. मागणी चेकच्या रकमेचीच असली पाहिजे. व्याज, नोटीस खर्च वेगळे दाखवून मागितले तर चालते, पण सगळे एका ढिगात घालून मागितले की नोटिशीचा पाया जातो. सुमन सेठी खटल्यात 2000 साली आणि के. आर. इंदिरा खटल्यात 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे. 2025 च्या कावेरी प्लास्टिक्सच्या निकालात तर चेक एक कोटीचा आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची होती. टायपिंगची चूक झाली, हा खुलासा ऐकून घेतला गेला नाही. आमच्यासारख्या टायपिंगवरून वर आलेल्या माणसांनी तो निकाल भिंतीवर लावावा असा आहे.

'शक्यतो' हा त्या मसुद्यातला दुसरा घातक शब्द. मूळ इंग्रजीत तो कुठेच नव्हता. मराठी माणसाच्या हातून तो आपोआप पडतो, कारण बोलण्यात 'आठ दिवसांत', 'पंधरा दिवसांत' हे अंदाजाचेच शब्द असतात. नोटिशीत पंधरा म्हणजे पंधराच, आणि मोजायचे नोटीस मिळाल्यापासून, नोटिशीवरच्या तारखेपासून नाही. आम्ही आकड्यातच लिहितो आणि 'पंधरवडा' कधी वापरत नाही. तसेच 'तीस दिवस' आणि 'एक महिना' हे एकमेकांच्या जागी घालत नाही. बँकेकडून चेक परतल्याचे कळल्यावर नोटीस पाठवायला कायदा 30 दिवस देतो, आणि पुढे 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर फिर्याद द्यायला एक महिना. (पूर्वी नोटिशीलाही 15 दिवसच होते, ते 2002 च्या दुरुस्तीत 30 झाले. जुने नमुने उचलणाऱ्यांकडून अजून ते पंधरा येतात.)

आता दुसरा मसुदा. वसुलीवाल्या साहेबांना तो फार आवडला होता. त्यात तीन गोष्टी अशा होत्या ज्या इंग्रजीत मुळीच नव्हत्या. 'फसवणूक' हा वेगळ्या गुन्ह्याचा आरोप झाला. पूर्वी 420, आता भारतीय न्याय संहितेत 318. इंग्रजीत फक्त चेक न वटल्याची हकीकत होती, डीलरच्या मनात काय होते यावर एक शब्द नव्हता. 'गुन्हा दाखल करणे' म्हटले की गावाकडे त्याचा अर्थ पोलीस ठाण्यात एफआयआर, आणि इथे जायचे असते मॅजिस्ट्रेटपुढे, लेखी फिर्याद घेऊन. 'अटक' हे तर निव्वळ कल्पनेतले. वकिलाच्या सहीने अशी धमकी गेली की समोरच्याचा वकील उत्तरी नोटिशीत पहिल्याच परिच्छेदात तिच्यावर बोट ठेवणार.

आम्ही दोन्ही मसुदे बाजूला ठेवून मूळ नोटिशीवरून नवे लिहिले. मागणीचा परिच्छेद असा झाला :

"तरी या नोटिशीद्वारे आपणांकडे मागणी करण्यात येते की, ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत आपण उपरोक्त धनादेशाची रक्कम रु. 4,85,000/- (अक्षरी रुपये चार लाख पंच्याऐंशी हजार फक्त) माझ्या अशिलांना अदा करावी. तसे न केल्यास आपणांविरुद्ध निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम 138 अन्वये सक्षम न्यायालयात फिर्याद दाखल करणे माझ्या अशिलांना भाग पडेल, व त्याच्या खर्चाची व परिणामांची जबाबदारी आपणांवर राहील."

साहेब म्हणाले, यात दम नाही. माझ्या मते सगळा दम 'मागणी करण्यात येते' आणि 'भाग पडेल' या दोन ठिकाणी आहे. तिथे क्रियापद पक्के असले की 'सक्त', 'ताकीद', 'खबरदार' यांची गरज पडत नाही. 'आपण' का 'तुम्ही' यावरही ते अडले होते. तालुक्याच्या कोर्टातल्या मराठी नोटिसांत सर्रास 'तुम्ही', 'तुमचेकडून' असते आणि त्यात अपमान नसतो. पण कंपनीचे इंग्रजी जिथे सरळ व कोरडे आहे तिथे आम्ही 'आपण' ठेवतो. एक मात्र पाळतो : आरंभी 'आपण' आणि रक्कम आली की 'तुम्ही' असे होऊ देत नाही. वाचणाऱ्याला तो बदल आवाज चढल्यासारखा ऐकू येतो.

उलट दिशेचे काम, मराठीतून इंग्रजीत, मला जास्त अवघड वाटते. आपल्याकडच्या वकिलांची मराठी नोटीस मुळातच घोटीव असते. 'वेळोवेळी समक्ष भेटून मागणी केली असता तुम्ही उडवाउडवीची उत्तरे दिली.' इंग्रजीत काही जण इथे 'फ्रॉड्युलंट' घालतात, काही जण 'डिड नॉट रिप्लाय' करून मोकळे होतात. पहिल्यात आरोप वाढला, दुसऱ्यात हकीकतच बदलली, कारण त्याने उत्तरे दिली होती. 'इव्हेसिव्ह रिप्लाइज' हे तिथे जसेच्या तसे बसते. 'दमदाटी' ही मारहाण नव्हे आणि 'अर्वाच्य भाषा' म्हणजे जिवे मारण्याची धमकी नव्हे, हेही नव्या मुलींना सुरुवातीला सांगावे लागते.

सगळ्यात जपून हाताळायचा शब्द 'हात उसने'. ओळखीत, बिनव्याजी, कागद न करता दिलेले पैसे. याचे नुसते 'लोन' केले आणि पुढे व्याजाची मागणी आली, की विनापरवाना सावकारीचा मुद्दा काढायला समोरच्याला आयती संधी मिळते. महाराष्ट्रात सावकारीचा 2014 चा कायदा आहे. आम्ही 'हँड लोन' लिहितो, आणि मराठी नोटिशीत हात उसने व व्याज दोन्ही दिसले तर भाषांतर थांबवून वकिलांना फोन करतो. त्यात काय म्हणायचे आहे ते ठरवणे आमचे काम नाही.

आमच्याकडे तपासणीची एक पद्धत बसली आहे. मूळ न पाहिलेल्या सहकारी बाईला भाषांतर देतो आणि तोंडी विचारतो : कोण मागतोय, किती, कधीपर्यंत, नाही दिले तर काय, आणि समोरच्यावर आरोप कोणता? तिची उत्तरे मुळाशी ताडून पाहतो. शेवटच्या प्रश्नाला ती 'फसवलं म्हणतात' असे म्हणाली आणि मुळात फसवणूक नसेल, तर कुठेतरी एखादे विशेषण आगाऊ शिरले आहे. ते शोधून काढतो. कामासोबत चेकची प्रत व बँकेचा मेमो मागून घेतो, कारण चेक नंबर, तारीख आणि रक्कम आम्ही इंग्रजी नोटिशीवरून नव्हे, त्या कागदांवरून जुळवतो. फरक दिसला तर वकिलांना कळवतो, स्वतः दुरुस्त करत नाही.

'तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य' ही ओळ मराठी प्रतीवर अनेकजण मागतात. वकिलांनी सांगितले तर घालतो. पण तिच्या भरवशावर सैल भाषांतर करत नाही. डीलर वाचणार आहे ती मराठी प्रत, आणि वकिलांनी तिच्यावरही सही केली असेल तर ती त्यांचीच नोटीस आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हापासून आमच्याकडे मराठीतून इंग्रजीचे काम वाढले आहे. खालच्या कोर्टातली मराठी नोटीस आणि तिचे उत्तर, दोन्ही वर इंग्रजीत लागतात. उत्तरी नोटिशीत 'खरे नाही व कबूल नाही' असे शेकडो वेळा येते. त्यातले 'खरे नाही' आणि 'कबूल नाही' हे दोन वेगळे नकार आहेत आणि इंग्रजीत दोन्ही उतरले पाहिजेत, म्हणून ही कामे आम्ही पानावर नाही, परिच्छेदावर घेतो. दर थोडा जास्त पडतो. वकील कुरकुरतात आणि पुढचे काम पाठवतात.