ट्यूबलाइटमधली वाईन साडी उन्हात वेगळी का दिसते? फोटो मंजूर करून घेतानाचा माझा अनुभव

‘दोन वेगळ्या वस्तूंचे फोटो जोडले आहेत.’ एवढंच कारण देऊन माझी साडी विक्रीच्या संकेतस्थळावर पुन्हा पुन्हा नामंजूर होत होती. खातं उघडणं, बँकेचा तपशील, वर्णन हे सगळं विनात्रास झालं. अडलं ते फक्त फोटोंवर. साडी एकच, वाईन रंगाची. पूर्ण साडीचा फोटो खोलीत ट्यूबलाइटखाली काढलेला आणि पदराचा जवळून काढलेला फोटो उन्हातला. पहिल्यात साडी जांभळट-निळसर दिसत होती, दुसऱ्यात लालसर. तपासणाऱ्याला त्या दोन साड्या वाटल्या यात नवल नाही. राग आला तो उत्तराचा. दर वेळी तेच छापील वाक्य यायचं: ‘व्हाइट बॅलन्स दुरुस्त करून फोटो पुन्हा पाठवा.’

व्हाइट बॅलन्स म्हणजे काय, ते आधी सांगते. उजेडाचा रंग केल्व्हिन या मापात सांगतात. दुपारच्या उन्हाचा साधारण ५५०० केल्व्हिन धरतात, पांढऱ्या ट्यूबचा बहुधा ६५०० म्हणजे अधिक निळसर, आणि जुन्या पिवळ्या बल्बचा २७०० च्या आसपास. आपले डोळे या फरकाला सरावतात, म्हणून कागद कुठेही नेला तरी पांढराच वाटतो. कॅमेऱ्याला मात्र अंदाज बांधून लाल, हिरवा, निळा हे तिन्ही भाग कमीजास्त करावे लागतात, यालाच व्हाइट बॅलन्स म्हणजे WB म्हणतात. आता सगळी चौकट एकाच गडद रंगाच्या साडीने भरली, की तो अंदाज हुकतो. हा रंग उजेडाचाच आहे असं समजून फोन त्याच्या उलट्या बाजूला रंग ढकलतो. म्हणून फोनच्या प्रो मोडमध्ये जाऊन WB हाताने ठरवायचा आणि साडीशेजारी एक तटस्थ वस्तू ठेवायची. त्यासाठी छायाचित्रकारांचं ग्रे कार्ड, म्हणजे तटस्थ राखाडी रंगाचा पुठ्ठा, सगळ्यात चांगलं. झेरॉक्सचा शुभ्र कागद टाळा, कारण त्यात चमक आणणारं रसायन असतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांमुळे तो निळसर उजळतो. त्यावरून बॅलन्स लावला तर साडी पिवळी पडते.

हे सगळं केलं. दोन्ही फोटोंत कार्ड अगदी सारखं राखाडी आलं. तरीही साडी एकात जांभळट आणि दुसऱ्यात लालसरच राहिली! छापील उत्तर इथे निरुपयोगी ठरतं, आणि पलीकडच्या कोणालाच हे ठाऊक नव्हतं. मी कार्डासकट दोन्ही फोटो पाठवले, तरी उत्तर तेच.

कारण केल्व्हिनच्या आकड्यात नाही, उजेडाच्या घडणीत आहे. उन्हात निळ्यापासून गडद लालपर्यंतचे सगळे रंग सलग असतात. एलईडी ट्यूबमध्ये मुळात निळा दिवा असतो, त्याचा उजेड साधारण ४५० नॅनोमीटर लांबीच्या लहरीपाशी सगळ्यात जोरदार असतो. त्यावर फॉस्फरचा थर असतो, जो त्या निळ्यातला काही भाग घेऊन पिवळसर उजेड देतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. पण स्वस्त ट्यूबमध्ये ६२० नॅनोमीटरच्या पुढचा गडद लाल फार थोडा असतो. वायू भरलेल्या जुन्या ट्यूबमध्ये तर उजेड काही ठरावीक पट्ट्यांतच एकवटलेला असतो.

आता माझी साडी घ्या. वाईन रंग हिरवा, पिवळा आणि नारिंगीचा बराच भाग शोषून घेतो. परत पाठवतो तो मुख्यतः गडद लाल आणि जोडीला थोडा निळा. उन्हात गडद लाल भरपूर असतो, म्हणून साडी लालसर दिसते. ट्यूबखाली तोच लाल अपुरा पडतो, पण निळा जोरदार असतो, म्हणून जांभळट-निळसर छटा वर येते. मग कार्ड सारखं का आलं? कार्ड सगळेच रंग सारखे परत पाठवतं. कॅमेऱ्याच्या लाल भागाला ट्यूबखाली कार्डाकडून जे मिळतं ते बहुतेक पिवळं-नारिंगी असतं, आणि तेवढ्यावर त्याचा हिशेब जुळतो. साडी मात्र नेमका तोच पिवळा-नारिंगी गिळते. त्यामुळे कार्डाच्या मानाने साडीचा लाल कमीच भरतो. व्हाइट बॅलन्स फक्त जे आलं ते वाढवतो किंवा घटवतो. जो लाल साडीवर पडलाच नाही, तो कुठून आणणार?

दुकानात हुबेहूब जुळलेला ब्लाऊजपीस बाहेर उन्हात वेगळा दिसतो, तोही याच कारणाने. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतात. एका उजेडात ते सारखे भासतात, दुसऱ्यात नाही. साडीबरोबर ब्लाऊजपीस विकत असाल, तर दोन्ही उन्हात शेजारी धरून पाहाच.

आपली ट्यूब कशी आहे ते जुन्या सीडीवर कळतं. चमकदार बाजूवर ट्यूबचं प्रतिबिंब तिरकं धरून पाहा. वायूच्या ट्यूबमध्ये रंगांचे सुटे सुटे पट्टे दिसतील. खिडकीतून येणाऱ्या आकाशाच्या उजेडात सलग इंद्रधनुष्य दिसेल. सूर्याचं प्रतिबिंब मात्र सीडीत पाहू नका, डोळ्यांना इजा होते. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआयचा आकडा खोक्यावर असतो, त्यावरही विसंबू नका. तो ८ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. ८० लिहिलेल्या ट्यूबखालीही मरून, राणी, वाईन हे रंग फसतात. पिवळी किंवा फिकट हिरवी साडी तेवढी फसत नाही, म्हणून काहींना ही अडचण कधी जाणवतच नाही.

शेवटी मी खोलीतले फोटो बाद केले. खिडकीपाशी, थेट ऊन न येणाऱ्या पण मोकळ्या आकाशाच्या उजेडात पूर्ण साडी, पदर आणि काठ सलग काढले. कार्ड पहिल्या फोटोत ठेवून त्यावरून WB ठरवला आणि तोच आकडा शेवटपर्यंत कायम ठेवला. खोलीतला दिवा बंद केला, हे फार महत्त्वाचं. खिडकी आणि ट्यूब दोन्ही असतील तर साडीची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची येते, आणि ते कुठल्याच सेटिंगने निस्तरत नाही. संध्याकाळही टाळा, त्या वेळी उजेडाचा रंग पटापट बदलतो. वर्णनात मी एक ओळ घातली: ‘रंग दिवसाच्या उजेडातला आहे, ट्यूबलाइटखाली साडी जांभळट दिसते.’ या वेळी साडी मंजूर झाली, आणि माझ्या मते ती ओळ प्रत्येक गडद लाल साडीच्या वर्णनात असायलाच हवी. घेणारी बाई साडी बहुधा घरातल्या दिव्याखालीच उघडून पाहणार.

फोटो तपासताना फोनचा डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड बंद ठेवा, नाहीतर बरोबर आलेला रंगही चुकीचा वाटतो. आणि जरीच्या काठाचा फोटो काढताना समोरची भिंत रंगीत नको. जरीची तार आरशासारखी समोरचा रंग उचलते, आणि हिरव्या भिंतीपुढे सोनेरी काठाचा फोटो हिरवट येतो.