आमची वाटचाल : बोअरच्या पाण्याचं वय

आमचा धंदा तसा साधा. शेतात बोअर कुठे मारावा ते सांगायचं. मी आणि धाकटा भाऊ, जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजणारं एक जुनं रेझिस्टिव्हिटी मशीन, चार लोखंडी सळया आणि वायरीची गुंडाळी. सुरुवातीला आमची खरी स्पर्धा नारळवाल्या पाणाड्याशीच होती. त्याची फी आमच्यापेक्षा कमी, आणि बोअर कोरडा गेला तर तो नशिबावर ढकलून मोकळा. आम्हाला ती सोय नव्हती.

काम बहुतेक वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागांचं. काळ्या पाषाणाचा मुलूख. वरचा मुरूम संपला की पाणी फक्त भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या पट्ट्यांत सापडतं. उपसा इतका झाला की विहिरी आटल्या, मग दोनशे फुटांचे बोअर आले, मग पाचशे, मग आठशे. आम्हीही खोल जागा दाखवत गेलो, खोटं कशाला बोलू. पैसे त्यातच होते.

एका काकाजींनी ते थांबवलं. त्यांच्या शेतात तीन स्रोत होते. पंचेचाळीस फुटांची जुनी विहीर, २२० फुटांचा बोअर आणि ८५० फुटांचा नवा बोअर. त्यांना चौथा, हजार फुटांचा मारायचा होता. त्यांनी विचारलं, "भाऊ, खाली पाणी लागते हे ठीक. पण ते दरसाली भरते, का एकडावचं हाय? हे तुमची मशीन सांगते का?" मशीन सांगत नव्हती. मी गप्प बसलो.

त्या प्रश्नामागे फिरता फिरता ट्रिटियम कळलं. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊबंद. वातावरणात वर वैश्विक किरणांमुळे तो सतत थोडाथोडा तयार होतो, पाण्याच्या रेणूतच जाऊन बसतो आणि पावसाबरोबर खाली येतो. जमिनीत मुरलेल्या पाण्याला ट्रिटियमचा नवा पुरवठा होत नाही, आणि दर १२.३ वर्षांनी त्यातला ट्रिटियम निम्मा होतो. मोजायचं माप म्हणजे ट्रिटियम युनिट : हायड्रोजनच्या १०¹⁸ अणूंमागे ट्रिटियमचा एक अणू.

बॉम्बचाही यात हात आहे. १९५० च्या दशकापासूनच्या अणुचाचण्यांनी पावसातला ट्रिटियम एवढा वाढवला की १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धात तो शेकड्यांनी, काही ठिकाणी हजारांनी मोजला गेला. पूर्वी तज्ज्ञ भूजलात तोच उंचवटा शोधत. आज तो जवळपास विरला आहे. साठ वर्षांत पाच वेळा निम्मं होऊन तीनशेचे दहा उरतात, म्हणजे आताच्या पावसापासून फार वेगळं काही दिसत नाही. पण उलटी बाजू आजही पक्की आहे : ज्या पाण्यात ट्रिटियम जवळपास सापडतच नाही, ते बॉम्बच्या आधीच्या पावसाचं. गावात हे सांगितलं तर लोक घाबरले. "म्हंजे हे बॉम्बचं पाणी पेऊन राह्यलो का आमी?" किरणोत्सार बेकरेलमध्ये मोजतात, पाच-सहा युनिट म्हणजे लिटरला एक बेकरेलसुद्धा नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी लिटरला १०,००० बेकरेल आहे, एवढं सांगितल्यावर चहा आला.

नमुना घेणं सोपं वाटतं. जाड प्लास्टिकची लिटरभराची बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा ठेवायचा नाही, बूच घट्ट. पंप आधी इतका चालवायचा की बोअरमध्ये साचलेलं शिळं पाणी निघून जाईल. आणि रात्री चमकणाऱ्या काट्यांचं जुनं घड्याळ हातात नको, कारण काही घड्याळांच्या रंगात ट्रिटियमच असायचा. पावसासाठी आम्ही घरावर नरसाळं लावलेला कॅन ठेवला. नळी तळापर्यंत सोडली, म्हणजे वाफ निघत नाही आणि हवेशी संबंध कमी येतो. पहिल्या वर्षी मात्र मूर्खपणा केला. वैशाखातल्या एका वादळी सरीचं पाणी पाठवलं आणि तोच आकडा पावसाचा धरला. उन्हाळ्याच्या तोंडावर वातावरणाच्या वरच्या थरांतला ट्रिटियम खाली झिरपतो, त्यामुळे वळवाचा आकडा मोसमी पावसापेक्षा चढा येतो. भूजल भरतं ते जून ते सप्टेंबरच्या पावसानं. मग दर महिन्याचं पाणी त्या महिन्याच्या पावसाच्या प्रमाणात मिसळून पाठवायला लागलो.

निकालाला महिने लागतात, आणि त्यात प्रयोगशाळेची चूक नाही. एवढा थोडा ट्रिटियम थेट मोजता येत नाही. अर्धा लिटर पाणी ऊर्ध्वपातित करून थंड ठेवलेल्या पात्रांत दिवसेंदिवस वीज सोडतात. हलका हायड्रोजन आधी उडून जातो, जड मागे राहतो, आणि शेवटी चमचाभर पाण्यात ट्रिटियम दाटतो. मग ते प्रकाश देणाऱ्या द्रावणात मिसळून एकेक बाटली तासन्‌तास मोजतात.

काकाजींचे आकडे आले. पाऊस ५.८, विहीर ५.४, साडेआठशेचा बोअर ०.३ आणि चुकीचा वाव तेवढाच, म्हणजे शून्यच धरा. मधला बोअर २.६. भावानं लगेच कॅल्क्युलेटर काढला. ५.८ चे २.६ व्हायला चौदा वर्षं लागतात. अहवाल टाइपही झाला : "२२० फुटांवरील पाण्याचे वय १४ वर्षे."

मला ते पचेना. त्या बोअरला केसिंगचा पाइप फक्त चाळीस फूट होता, आणि रात्री पंप बंद असताना कान लावला की आत झिरा पडल्याचा आवाज यायचा. आधीचा नमुना जानेवारीचा होता. आम्ही त्याच बोअरचं पाणी मे आणि सप्टेंबरात पुन्हा पाठवलं. मे मध्ये १.४ आणि सप्टेंबरात ३.९. चौदा वर्षांचं पाणी चार महिन्यांत तरुण होत नाही. म्हणजे वय वगैरे काही नव्हतं, मिसळ होती. वरच्या भेगांतून येणारं ताजं पाणी आणि खालून येणारं ट्रिटियम संपलेलं पाणी. हिशेब सोळा आण्यांच्या रुपयात मांडला : मे मध्ये ताजं चार आणे, जानेवारीत सात आणे, सप्टेंबरात पावणेअकरा आणे. हा हिशेबही ढोबळच, कारण वरचं पाणी पूर्ण ताजं आणि खालचं पूर्ण शून्य हे आमचं गृहीत. अहवाल फाडला.

नवा अहवाल काकाजींच्या ओसरीत वाचला. विहिरीचं पाणी अलीकडच्या वर्षांचं आहे. नेमकं यंदाचं की पाच वर्षांपूर्वीचं, हे ट्रिटियमनं कळत नाही. साडेआठशे फुटांवरचं पाणी सत्तर वर्षांहून जुनं. किती जुनं, शंभर की पाच हजार, हेही त्यानं कळत नाही, त्यासाठी कार्बन-१४ लागतो. ते किती साठलंय हेही आम्ही सांगू शकत नाही. पण ते तुमच्या उपशाच्या वेगानं भरत नाही, एवढं धरून चाला.

"म्हंजे आजोबाच्या पेटीतले पैसे," काकाजी म्हणाले. मग थोडं थांबून, "अन् मधल्याचं?"

मधल्यात ताज्याचा वाटा पावसाबरोबर वाढतो, म्हणजे वरून पाणी घातलं तर त्याला लागू होईल, असं मी म्हणालो. हजार फुटांचं काम रद्द झालं, आणि आमची खोल बोअरची फी गेली. भाऊ आठवडाभर बोलला नाही. त्याऐवजी नाल्यातला गाळ काढला, आणि शेताचं वाहतं पाणी वाळू-गिट्टीच्या खड्ड्यातून गाळून जुन्या विहिरीत सोडलं.

आता अशी कामं वर्षाला पाच-सहा येतात. पोट अजून रेझिस्टिव्हिटीवरच चालतं. काकाजींच्या मधल्या बोअरचा या जानेवारीचा नमुना पाठवला आहे. पाऊस यंदा जरा जास्त होता, त्यामुळे आकडा चढला तरी श्रेय खड्ड्याला की पावसाला, यावर भावाशी आत्तापासूनच वाद सुरू आहे. म्हणून शेजारच्या शेतातल्या, खड्डा नसलेल्या तशाच बोअरची बाटलीही सोबत घातली. निकाल उन्हाळ्यात येईल.