मुलाची फिटची औषधं आणि माझं इन्सुलिन घेऊन ऑस्ट्रेलियाला शिफ्ट होताना

मुलाला एपिलेप्सी आहे, त्याचं लेव्हेटिरासिटाम सिरप आणि क्लोबाझाम गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू असतात आणि कधी फिट आलीच तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे कायम जवळ ठेवावा लागतो. मला टाइप १ डायबिटीस, म्हणजे इन्सुलिन. अशा घराने कायमचं ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवल्यावर बाकी सामानाचं काहीही होवो पण औषधांचं नीट व्हायला हवं एवढंच माझ्या डोक्यात होतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

क्लोबाझाम आणि मिडाझोलाम ही दोन्ही औषधं बेंझोडायझेपिन गटातली. डायझेपाम, अल्प्राझोलाम ही त्यांचीच भावंडं, आणि हा गट आंतरराष्ट्रीय करारांनुसार नियंत्रित औषधांत येतो. त्यामुळे बीपीच्या गोळीकडे कस्टम्सवाले जेवढं बघतील त्यापेक्षा ह्या गोळ्यांकडे जास्त बघणार हे धरूनच चालायचं. आपल्याला ते रोजचं औषध वाटतं म्हणून हा फरक लक्षातच येत नाही. तर आधी प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव लिहून काढा आणि जिथे जायचंय त्या देशाच्या सरकारी साइटवर त्या नावाने शोधा, ब्रँडच्या नावाने शोधून काही मिळत नाही कारण ब्रँड देशागणिक बदलतात.

ऑस्ट्रेलियात हे टीजीए ही औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था बघते. प्रवाशासोबत असलेल्या औषधांना एक सवलत आहे, जास्तीत जास्त 3 महिन्यांचा साठा आणता येतो, सोबत प्रिस्क्रिप्शन किंवा डॉक्टरचं पत्र लागतं आणि औषध स्वतःसाठी किंवा तुमच्या देखरेखीखाली तुमच्याच विमानातून येणाऱ्या माणसासाठी असावं लागतं. ही शेवटची अट आमच्यासाठी फार महत्त्वाची ठरली. नवरा आधी जाणार होता आणि घरात सगळ्यांचं म्हणणं की मुलाची अर्धी औषधं त्याच्या बॅगेत द्या, वजन वाटलं जाईल. पण मुलगा त्या विमानात नसणार म्हणजे ती औषधं त्या सवलतीत बसतच नाहीत. तसंच घरसामानाच्या कंटेनरमध्येही औषधं टाकायची नाहीत, कारण ते सामान प्रवाशासोबत येत नाही. म्हणून मुलाचं सगळं माझ्यासोबत.

आता 3 महिने म्हणजे किती, तर डॉक्टरने लिहिलेल्या डोसप्रमाणे 3 महिने. म्हणून पत्रावर डोस स्पष्ट हवा, नुसतं "चालू ठेवा" लिहिलेलं उपयोगाचं नाही. मुलाला सिरप 3 मिली दोनदा म्हणजे दिवसाला 6 मिली, 90 दिवसांचं होतं 540 मिली. बाटली 100 मिलीची. सहा सीलबंद बाटल्या घेतल्या तर 600 मिली म्हणजे 100 दिवस, झालं की मर्यादेबाहेर. म्हणून पाच सीलबंद आणि एक चालू, जिच्यात 40 मिलीपेक्षा कमी उरलंय. क्लोबाझाम 5 मिग्रॅ दोनदा, म्हणजे 180 गोळ्या, दहाच्या 18 स्ट्रिप. थोड्या जास्त घ्याव्यात असं प्रत्येक आईला वाटतं, मलाही वाटलं, पण नियंत्रित औषधाच्या बाबतीत तो मोह नकोच.

स्ट्रिप्स अजिबात कापायच्या नाहीत, कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचं नाव राहत नाही तर कधी एक्सपायरी. आठवड्याच्या डबीत गोळ्या काढून नेणंही नको. मूळ खोक्यात, केमिस्टच्या बिलासकट.

डॉक्टरच्या पत्रासाठी मी अगदी हट्ट धरून बसले. लेटरहेडवर इंग्रजीत, मुलाचं नाव पासपोर्टवर आहे तस्सं (आमच्या जुन्या चिठ्ठ्यांवर घरचं नाव होतं, ते कुठल्याच कागदाशी जुळलं नसतं), निदान, प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, ताकद, डोस, आणि फिट आली तर स्प्रे कसा द्यायचा ते. शेवटी सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. माझ्यासाठी वेगळं पत्र, त्यात इन्सुलिन, पेनच्या सुया आणि ग्लुकोमीटर हे सगळं नावानिशी. प्रत्येकाच्या प्रती केबिन बॅगेत, फोनमध्ये आणि नवऱ्याकडे.

इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका. खालच्या कार्गोमध्ये ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी त्याचा भरवसा नाही. शुगर चढत राहते आणि आपल्याला वाटतं प्रवासाच्या दगदगीने चढतेय. त्याच कारणाने ते बर्फाच्या पॅकला थेट चिकटवायचं नाही, मध्ये टॉवेल गुंडाळायचा, आणि विमानातल्या बर्फावर ठेवायला तर द्यायचंच नाही. चालू पेनला थंडी लागतच नाही, माझं पेन उघडल्यावर 30 डिग्रीच्या आत 28 दिवस चालतं, न उघडलेलीच थंड ठेवायची होती.

सिक्युरिटीला 100 मिलीचा नियम औषधांना लागू होत नाही, पण ते आपणहून काढून दाखवायचं. सिरप, इन्सुलिन, कूल पॅक हे सगळं एका पारदर्शक पिशवीत ठेवलेलं, ट्रेमध्ये वेगळं काढलं आणि मशीनमध्ये जायच्या आधीच सांगितलं की मुलाची औषधं आहेत, हे पत्र. एका बाईंनी बाटल्यांवरचं नाव पत्राशी ताडून बघितलं आणि जा म्हणाल्या. वाटेतल्या ट्रान्झिटला परत तेच सगळं करावं लागलं. आम्ही तिथे एअरपोर्टबाहेर पडलो नाही, मुद्दाम तसंच तिकीट घेतलं होतं, कारण हॉटेलसाठी बाहेर पडलं की त्या देशाच्या कस्टम्समधून जावं लागतं आणि त्यांचे औषधांचे नियम वेगळे असतात.

विमानात स्प्रे वरच्या कप्प्यात नाही, माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये. डोसच्या वेळा न्यूरॉलॉजिस्टनी आधीच ठरवून दिल्या होत्या, प्रवासात जुन्याच घड्याळाने बारा तासांचं अंतर राखायचं आणि पोचल्यावर रोज थोडं थोडं सरकवायचं. पूर्वेकडे जाताना दिवस छोटा होतो त्यामुळे माझ्या रात्रीच्या लाँग-अ‍ॅक्टिंग इन्सुलिनचा डोस त्या दिवसापुरता डॉक्टरांनी कमी करून दिला होता. हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडूनच लिहून घ्या, माझं बघून करू नका.

उतरायच्या आधी पॅसेंजर कार्डवर पहिलाच प्रश्न बंदी किंवा निर्बंध असलेल्या वस्तूंचा असतो आणि त्यात औषधांचा उल्लेख आहे. तिथे "हो". बरेच जण घाबरून "नाही" करतात, पण हो म्हटलं तर फक्त चौकशी होते, लपवलेलं सापडलं तर मात्र प्रकरण वेगळं. ऑफिसरने विचारलं काय आहे, मी पत्र आणि पाऊच पुढे केलं. त्याने क्लोबाझामची खोकी उघडून बघितली, पत्रातल्या डोसवर बोट ठेवून किती दिवसांचं आहे विचारलं, मी 3 महिने म्हटलं आणि स्ट्रिप्स दाखवल्या. झालं.

ते 3 महिने मात्र लगेच मोजायला लागा. आपल्याकडच्या प्रिस्क्रिप्शनवर तिथला फार्मसिस्ट औषध देऊ शकत नाही, तिथल्या डॉक्टरचंच लागतं, आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जायला आधी जीपीचं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरचं, रेफरल. नवरा आधी गेल्याचा खरा फायदा इथे झाला, त्याने आम्ही पोचायच्या आधीच जीपीची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती. जीपींनी तेच पत्र, जुना ईईजी आणि रिकामं खोकं बघून प्रिस्क्रिप्शन आणि रेफरल दोन्ही दिलं. सिरपच्या नव्या बाटलीवर एका मिलीत किती मिग्रॅ आहे ते मी जुन्या बाटलीशेजारी ठेवून वाचलं, दोन्हीवर 100 मिग्रॅ होतं, मगच 3 मिली भरलं.